'अट नाही' लिहिताना

"प्रोफाइलमध्ये जात-धर्माची अट नाही असं लिहायचंय, पण घरचे आडवे येतील. कसं लिहू? आणि घरचं हे समोरच्याला कधी सांगू?"

दादरच्या एका वधूवर सूचक मंडळात बायोडेटे वाचायचं काम माझ्याकडे आहे. माझं पहिलं सांगणं असतं, की वाक्यात 'आम्ही' नको, 'मी' लिहा. 'आम्हाला जातीची अट नाही' यात आई-बाबाही आले, आणि त्यांना तर अट आहे. 'माझ्याकडून जातीची किंवा धर्माची अट नाही' हे खरं आहे, आणि एवढंच तुमच्या हातात आहे.

मुलुंडची एक सीकेपी मुलगी आली होती, वय २९. साइटवरचं प्रोफाइल आईने भरलेलं. मजकुरात 'आंतरजातीय चालेल', पण अपेक्षांच्या रकान्यात सीकेपी, सारस्वत, ब्राह्मण आणि धर्म हिंदू. सुचवलेली स्थळं रकान्यावरून येतात, वाक्यावरून नाही, त्यामुळे तिला येणारी स्थळं सगळी त्याच चौकटीतली होती. काही जण तर त्याच बायोडेट्यात खाली 'एससी, एसटी क्षमस्व' लिहून मोकळे होतात. असं लिहायचं असेल तर निदान वर 'अट नाही' तरी लिहू नये.

आम्ही आधी रकाने बदलले. 'प्रोफाइल कोणी बनवलं' इथे 'स्वतः', संपर्काला आईच्या नंबराऐवजी तिचा, जात आणि धर्म दोन्हीकडे 'कोणतीही'. मग मजकूर: 'माझ्याकडून जातीची किंवा धर्माची अट नाही. लग्नासाठी कोणी धर्म बदलावा अशी अपेक्षा नाही, मीही बदलणार नाही. घरी मांसाहार चालतो. आधी माझ्याशीच बोलावं.' धर्मांतराचं वाक्य तिला उद्धट वाटत होतं. मी हट्टाने ठेवायला लावलं, कारण आंतरधर्मीय स्थळांत बोलणी मोडतात ती बहुतेक याच गाठीवर, आणि तीही साखरपुड्याच्या गोष्टी सुरू झाल्यावर.

'घरून विरोध होऊ शकतो' हे मात्र प्रोफाइलमध्ये टाकलं नाही. ते नातेवाईकही वाचतात, आणि आईला आपला विरोध मावशीकडून कळणं याहून वाईट सुरुवात नाही. आपल्या प्रोफाइलमध्ये धर्माची अट काढली आहे, हे मुलीने प्रोफाइल सुरू करण्याआधी घरी सांगितलं. आई म्हणाली, "जात एक वेळ चालेल गं, धर्म नको." उत्तर नकाराचं असलं तरी मर्यादा कुठे आहे ते कळलं.

पुढे कलिन्याच्या एका ईस्ट इंडियन कॅथलिक मुलाशी तिचं बोलणं सुरू झालं. घरच्या विरोधाचं सांगायची वेळ माझ्या मते दुसऱ्या भेटीच्या आधीची. पहिल्या फोनवर सांगितलं तर बाऊ होतो, तीन-चार महिन्यांनी सांगितलं तर फसवणूक वाटते. तिने फोनवर सांगितलं, "आईचा धर्माला विरोध आहे, बाबा गप्प आहेत. मला त्यांना वेळ द्यायचाय, पण दिवाळीपर्यंतच." मुदत सांगणं महत्त्वाचं, नाहीतर समोरचा किती थांबणार? मग तिने त्याला विचारलं, "तुमच्याकडे चर्चमध्ये लग्न हवं असेल का?" हा प्रश्न लवकर विचारावा. चर्चमध्ये कॅथलिक आणि हिंदू असं लग्न करायचं तर बिशपची परवानगी लागते, आणि मुलं कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी प्रयत्न करीन असं वचन कॅथलिक जोडीदाराला द्यावं लागतं. ते दुसऱ्या बाजूने द्यायचं नसतं, पण त्याची कल्पना दिली जाते. 'मुलांचं काय' हा तिच्या आईचा प्रश्न त्यामुळे अगदीच वावगा नव्हता.

धर्म न बदलता लग्न करायचं तर १९५४चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती कार्यालयात लागते, आणि ३० दिवसांत ग्राह्य हरकत आली नाही तर लग्न लागतं. पण कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, समजा रत्नागिरीचा, तर नोटिशीची प्रत तिकडच्या अधिकाऱ्याकडेही जाते. म्हणून घरी सांगायची शेवटची तारीख ही नोटीस देण्याआधीची. नंतर गावाहून फोन येण्याची शक्यता असते.

घरात कोंडून ठेवतील किंवा मारहाण होईल अशी भीती असेल तर हा क्रम मोडा. मग घरी आधी सांगू नका, वकिलाला आधी गाठा. २०१८च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यांत विशेष कक्ष उभारायला सांगितलं आहे, त्याची चौकशी पोलिसांकडे करता येते.

साध्या नाराजीला मात्र घाबरू नका. नोटिशीवरची हरकत ग्राह्य होते ती आधीचं लग्न, मानसिक अक्षमता, वय (मुलगी १८, मुलगा २१) किंवा निषिद्ध नातं अशा कारणांवर. आईला पसंत नाही, हे त्या यादीत नाही.