तुम्ही विचारलंत म्हणून: शंका विचारायला वेळ कसा मागायचा?

“मॅडम, एखादा टॉपिक अजिबात डोक्यात शिरत नसेल तर सरांकडे जादा वेळ कसा मागायचा? मेसेजमध्ये नेमकं लिहायचं काय?”

जिथे अडलात ती ओळ लिहा. तिथपर्यंत तुम्ही काय केलंत ते लिहा आणि तुम्हाला जमणाऱ्या दोन-तीन वेळा कळवा. बाकी सगळं याच्या मागून येतं.

मी फिजिक्स शिकवते. परीक्षा जवळ आली की “मॅडम, रोटेशन समजत नाही, कधी येऊ?” असे मेसेज येऊ लागतात. विचारणाऱ्याची तळमळ खरी असते, पण एवढ्यावरून मला काहीच ठरवता येत नाही. टॉर्क कळला नाही की मोमेंट ऑफ इनर्शिया? दहा मिनिटं पुरतील की दोन तास लागतील? अशी भेट ठरलीच तर पहिला अर्धा वेळ अडचण शोधण्यात जातो. तोवर विद्यार्थी दमतो आणि “हो, कळलं” म्हणून निघून जातो.

आता एका विद्यार्थिनीचा मेसेज वाचा. तिला विचारून, नाव काढून इथे देते आहे.

“नमस्कार मॅडम. मला उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्याचं गणित समजून घ्यायचं आहे. टॉर्क आणि मोमेंट ऑफ इनर्शिया इथपर्यंत जमतं. गणित असं आहे: भरीव गोळा, उतार 30°, μ = 0.4, g = 10, गोळा न घसरता घरंगळतो, तर त्वरण किती? मी घर्षण f = μN घेतलं. a = 1.54 आलं. उत्तर 3.57 दिलं आहे. शंका 1: μ दिलेला असताना तो वापरायचा का नाही? शंका 2: घर्षण असूनही पुस्तकात mgh = ½mv² + ½Iω² असं लिहिलं आहे. घर्षणात ऊर्जा खर्च व्हायला नको का? शंका 3: गोळा उतारावर चढत असेल तर घर्षण खालच्या दिशेने असेल असं मला वाटतं. बरोबर आहे का? वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे. मंगळवारी 4 ते 5 किंवा गुरुवारी सकाळी 8:30 ला मी येऊ शकते. शुक्रवारी दुपारीही चालेल. वीस-पंचवीस मिनिटं पुरतील असं वाटतं. चाचणी पुढच्या सोमवारी आहे.”

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे 1.54 हा चुकलेला आकडा. तो वाचताच मला तिचं पान न बघताही दिसलं, की तिने g sin30° = 5 मधून μg cos30° = 3.46 वजा केले आहेत. म्हणजे बेरीज-वजाबाकी पक्की आहे, बलांची आकृतीही बरोबर आहे. फक्त घर्षण नेहमी μN इतकंच असतं असं ती धरून चालली आहे. “उत्तर येत नाही” एवढंच लिहिलं असतं तर हे कळायला मार्ग नव्हता.

पहिल्या शंकेचं उत्तर मी मेसेजमध्येच दिलं. गोळा घसरत नाही, म्हणून हे स्थितिक घर्षण, आणि μN ही त्याची कमाल मर्यादा. प्रत्यक्षात घर्षण गरजेपुरतंच लागतं. भरीव गोळ्यासाठी ते उताराच्या दिशेतल्या वजनाच्या 2/7 असतं, म्हणजे इथे दर किलोमागे 1.43 न्यूटन. मर्यादा 3.46 ची आहे, म्हणून गोळा निवांत घरंगळतो आणि त्वरण 5 − 1.43 = 3.57 येतं. μ दिला आहे तो ही मर्यादा तपासण्यापुरता. उतार 60° चा असता तर घर्षण अपुरं पडून गोळा घसरला असता, आणि तिथे तिची f = μN वाली रीतच बरोबर ठरली असती. हेही मी तिला मुद्दाम कळवलं. आपली रीत कुठे चालते आणि कुठे नाही हे कळलं की ती पुन्हा चुकीच्या जागी वापरली जात नाही.

मंगळवारी ती आली तेव्हा दोनच शंका उरल्या होत्या. ऊर्जेची शंका खोल आहे, आणि तिला समोरासमोर बसूनच न्याय देता येतो. टेबलावर गोळा सावकाश घरंगळवत मी तिला विचारलं, की टेबलाला टेकलेला बिंदू त्या क्षणी कुठे सरकतो आहे? तो सरकतच नाही. ज्या बिंदूवर बल लागतं तोच स्थिर, म्हणून तिथे घर्षणाचं कार्य शून्य आणि उष्णतेत काही जात नाही. घर्षण पुढे जाण्याची थोडी ऊर्जा फिरण्याकडे वळवतं एवढंच.

तिसऱ्या शंकेत तिने स्वतःचा अंदाज लिहिला होता, ते मला फार आवडलं. अंदाज चूक होता. चढणाऱ्या गोळ्यावरही घर्षण वरच्याच दिशेने असतं, कारण वेग कमी होताना फिरणंही मंदावलं पाहिजे आणि ते मंदावणारा टॉर्क वरच्या दिशेच्या घर्षणातूनच मिळतो. पण अंदाज लिहिलेला होता म्हणून “गतीच्या उलट घर्षण” हा तिच्या मनातला नियम मला सापडला. नुसती “दिशा कशी ठरवायची?” अशी शंका असती तर मी दिशा सांगून मोकळी झाले असते आणि तो नियम तसाच राहिला असता.

वेळांबद्दल. “तुम्हाला जमेल तेव्हा” हे नम्र वाटतं, पण मग वेळ शोधायचं काम शिक्षकांवर पडतं आणि उत्तर लांबतं. दोन-तीन ठरावीक वेळा दिल्या की त्यातली एक निवडून उत्तर लगेच देता येतं. वीस मिनिटांचा अंदाजही उपयोगी पडतो, दोन तासिकांच्या मधल्या वेळेत ते बसतं. चाचणीची तारीख सांगा, पण मेसेज आदल्या रात्री नको. भेटीनंतर स्वतः एखादं गणित सोडवून पाहायला मधे दोन-तीन दिवस हवेत.

यावर बरेच जण म्हणतात, “पण मला काय कळत नाही हेच कळत नाही.” त्यांना मी एकच करायला सांगते. सोडवलेलं उदाहरण घ्या, उत्तर कागदाने झाका आणि एकेक ओळ खाली सरकवत जा. प्रत्येक वेळी पुढची ओळ आधी स्वतः लिहून बघा. जिथे पुस्तकातली ओळ तुम्हाला सुचली नसती तिथे पेन्सिलीने खूण करा. ती खूण हीच तुमची शंका. खुणा पहिल्या ओळीपासूनच पडू लागल्या तर अडचण या टॉपिकच्या आधीची आहे, आणि मेसेजमध्ये तसंच लिहा: “टॉर्कपासूनच सुरुवात करावी लागेल.” मग वीस मिनिटं मागू नका, दोन वेगवेगळ्या भेटी मागा.

जाताना तिला मी पोकळ गोळ्याचं गणित दिलं, तोच 30° चा उतार. रात्री तिचा फोटो आला: a = 3, आणि खाली μ ची मर्यादा तपासलेली.