आगरवाड्याची मानस: तिसऱ्या सफाईची नोंद आणि आभार

चापोरा नदीच्या पेडणे तीरावर, आगरवाड्याच्या खाजन शेताच्या बांधावरील मानशीच्या, म्हणजे नदीचे पाणी अडवणाऱ्या दारांच्या, तोंडाची सफाई गेल्या पंधरवड्यातील रविवारी पूर्ण झाली. त्या सकाळी चिखलात उतरलेल्या तेवीस जणांचे, आम्हाला दार कसे उघडते-मिटते हे तीन वेळा न कंटाळता समजावून सांगणाऱ्या, मानस सांभाळणाऱ्या मानशेकार काकांचे, आणि साडेदहाला बांधावर पेज व आंब्याचे लोणचे घेऊन आलेल्या वाड्यावरील वहिनींचे मनापासून आभार. ही नोंद नदीकाठच्या सफाईत रस असलेल्या इतर गटांसाठी आहे, त्यामुळे आधी काय होते, काय केले आणि काय जमले नाही, ते सविस्तर लिहीत आहोत.

पहिल्या दोन सफाया आम्ही बांधाच्या कडेने, डोळ्याला दिसेल तेवढा कचरा उचलून केल्या होत्या. गोणी भरल्या, फोटो छान आले, आणि मानशीच्या दृष्टीने काहीही बदलले नाही. मानशेकार काकांनी दुसऱ्या खेपेनंतर जे सांगितले त्याचा मथितार्थ असा होता की, बांधावरची बाटली कुणाचे नुकसान करत नाही, उंबऱ्यावर अडकलेली एक चप्पल मात्र अख्खे शेत खारवते. तिसरी सफाई आम्ही याच एका वाक्याभोवती आखली.

ज्यांनी मानस जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखाली असलेली, बांध घालून नदीपासून राखलेली जमीन. पावसाळ्यात तिच्यात कोरगुटसारखे खाऱ्या मातीत तग धरणारे भात होते. बांधात ठरावीक जागी मानस असते, तिच्या दगडी चौकटीत लाकडी दारे वरच्या बाजूने टांगलेली असतात. ओहोटी लागली की आतले पाणी दार बाहेर ढकलून नदीत जाते. भरती आली की नदीचेच पाणी ते दार चौकटीवर दाबून बंद करते. कुणी हात लावावा लागत नाही, दिवसातून दोनदा हे आपोआप घडते. पण दार बंद होण्यासाठी त्याची खालची कड उंबऱ्यावर सपाट टेकावी लागते. मध्ये बोटभर जाडीची वस्तू आली तरी फट राहते आणि संपूर्ण भरतीभर त्या फटीतून खारे पाणी आत शिरत राहते.

आमच्या मानशीला तीन दारे आहेत. सफाईच्या आदल्या दिवशी आम्ही भरतीच्या वेळी आतल्या बाजूला, म्हणजे मानशीमागच्या पोंयीत, बांबूला बोटाबोटाच्या खुणा करून तो रोवला. दार नीट बंद असते तर आतली पातळी भरतीभर जवळजवळ स्थिर राहायला हवी होती. दोन तासांत ती चार बोटे वर आली. मधल्या दारापाशी आतल्या बाजूने पाण्यात सतत भोवरा फिरत होता, त्यावरून गळती कुठली हेही कळले. डोळ्याला दिसणारा भोवरा हीच या कामातील सर्वांत सोपी परीक्षा आहे. मात्र ती भरतीच्याच वेळी करता येते, आणि सफाईला आलेले लोक नेमके ओहोटीला येतात.

वेळेबद्दलही आम्ही आधी चूक केली होती. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी सर्वांत खाली जाते, म्हणून पहिली सफाई आम्ही अमावास्येला ठेवली. पण आपल्या किनाऱ्यावर त्या दिवशीची ओहोटी पहाटे पाचच्या आसपास लागते, आणि सगळे जमेपर्यंत पाणी पुन्हा चढू लागले. रोज ती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणजे पंचमी-षष्ठीला ती सकाळी नऊच्या सुमारास येते. त्या दिवसांत पाणी उधाणाइतके खोल जात नाही हे खरे, परंतु मानशीचा उंबरा उघडा पडण्यापुरते जाते आणि उजेडात दोन-अडीच तास मिळतात. मुरगावच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात दिलेल्या वेळेपेक्षा आमच्या वाकणावर पाणी थोडे उशिरा फिरते, हेही आम्ही दोन रविवार नुसते बांधावर बसून पाहिले. तो वेळ वाया गेल्यासारखा वाटला होता, पण गेला नव्हता.

रविवारी साडेसातला उतरलो. मधल्या दाराच्या खाली जे सापडले ते एकाच गुंत्यात होते: नायलॉनच्या जाळ्याचा मोठा तुकडा, त्यात अडकलेली रबरी चप्पल, दुधाच्या पिशव्या, आणि या सगळ्यावर बसलेला गाळ, इतका घट्ट की तो उंबऱ्याचाच भाग वाटत होता. आमच्यातील एकाने तो ओढायला सुरुवात केली आणि काकांनी लगेच थांबवले. जाळे दाराच्या बिजागरीलाही गुंडाळलेले होते, जोर लावला असता तर लाकूड फाटले असते. मग कोयत्याने हात-हातभर तुकडे करत ते सोडवले. या एका गुंत्याला पन्नास मिनिटे लागली. गाळ धुऊन काढल्यावर उंबऱ्याच्या दगडावर जाळ्याचा घासलेला पट्टा दिसला, म्हणजे हा तुकडा निदान काही महिने तिथे असावा.

मानशीच्या दोन्ही बाजूंना कांदळ आणि तिवर दाट आहेत, आणि तिथले काम वेगळ्या पद्धतीने करावे लागते. तिवराची श्वासमुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, झाड त्यांतूनच हवा घेते, म्हणून त्यांच्यावरून चालायचे नाही. आम्ही दोन जुन्या फळ्या आळीपाळीने पुढे टाकत गेलो. फळ्यांवरून जाणे हळू असते, पण चिखलात पायही कमी रुततो, त्यामुळे शेवटी वेळ फारसा जास्त लागला नाही. कांदळाच्या मुळांवर कालवे चिकटलेली असतात आणि त्यांची कड कापडी हातमोजा सहज फाडते, दोघांची बोटे कापल्यावर आम्ही तळहाताला रबर असलेले मोजे सक्तीचे केले. बाटल्या आणि डबे गोणीत टाकण्यापूर्वी उलटे करून झटकायचे, कारण त्यांत खेकडे राहायला आलेले असतात. मुळांत अडकलेल्या पिशवीसाठी फांदी तोडायची नाही, सुटत नसेल तर पिशवीच कापायची. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे, हेही नवीन मंडळींना आधीच सांगावे.

एक गोष्ट या वेळी बरोबर जमली, कारण मागच्या वेळी ती चुकली होती. मागच्या वेळी भरलेल्या गोणी आम्ही काठावरच ठेवल्या आणि दुपारच्या भरतीने त्यांतील काही परत नदीत नेल्या (त्याचे फोटो कुणी काढले नाहीत, बरे झाले). या वेळी गोणी बांधाच्या माथ्यावर चढवल्याशिवाय नवी गोणी उघडायची नाही असा नियम केला. एकूण एकेचाळीस गोणी झाल्या. जाळे आणि दोर वेगळे ठेवून नदीच्या पाण्यात धुतले, कारण चिखलासकट वजन केले तर आकडा मोठा दिसतो आणि खोटा असतो. बाटल्या आणि स्वच्छ प्लास्टिक पंचायतीच्या गाडीने नेले. गाळाने माखलेल्या पातळ पिशव्या मात्र कुणालाच नको असतात, त्या वेगळ्या बांधून द्याव्या लागल्या.

अकरापर्यंत पाणी फिरले. आम्ही पेज घेतली आणि निम्मे लोक परतले. उरलेल्यांपैकी सहा जण बांबूपाशी बसले. दुपारी भरती जोरात असताना दोन तासांत आतली पातळी एका बोटाहूनही कमी वर आली, मधल्या दाराचा भोवरा नाहीसा झाला होता. आदल्या दिवशीच्या तुलनेत त्या दिवशीची भरती किंचित कमी होती, त्यामुळे हा फरक थोडा फुगलेला असू शकतो असे आमच्यातील एका संशयी सदस्याचे म्हणणे पडले, आणि ते योग्य होते. म्हणून पौर्णिमेच्या उधाणाला पुन्हा मोजले. पाणी बाहेर कितीतरी अधिक चढले होते, तरी आत दीड बोटच वाढ झाली. ती उरलेली गळती डावीकडच्या दाराच्या झिजलेल्या कडेतून आहे, ते सुताराचे काम आहे, सफाईने होणारे नाही. मानशेकार काका पावसाआधी फळी बदलून घेणार आहेत. पावसाआधीच का, तर पहिल्या सरींनी मातीतील मीठ धुऊन बाहेर जावे लागते, आणि तेव्हा दार गळत असेल तर एकीकडून धुतलेले मीठ दुसरीकडून परत येते.

आधी आणि नंतरच्या फोटोंविषयी एक सूचना. दोन्ही फोटो एकाच जागेवरून तर काढावेतच, पण पाण्याची पातळीही सारखी असावी. आमचा पहिल्या सफाईचा «आधी»चा फोटो ओहोटीचा आणि «नंतर»चा भरतीचा होता, त्यामुळे अर्धा कचरा नुसता पाण्याखाली गेला होता आणि आम्ही खूश होतो. आता बांधावरच्या जांभ्या दगडाच्या खांबावर खूण केली आहे, पाणी त्या खुणेला असतानाच फोटो काढतो.

उधाणानंतर काठावर पुन्हा कचऱ्याची एक रेषा आली आहे. ती नदीतून कमी आणि रस्त्याकडील मोरीतून येणाऱ्या नाल्यातून जास्त येते, असे गोळा झालेल्या गुटख्याच्या पुड्या आणि चहाचे पेले पाहून वाटते. पुढची सफाई म्हणून मानशीची नव्हे, त्या नाल्याची आहे, आणि ती पहिल्या पावसाच्या आधीच व्हायला हवी, नाहीतर सारे एका रात्रीत मानशीच्या उंबऱ्यावर येऊन बसेल. भरती-ओहोटीचा फेरा साधारण पंधरवड्याने परत येतो, त्यामुळे सफाईच्या रविवारनंतर चौदा दिवसांनी, वद्य पक्षाच्या पंचमीच्या आसपास, पुन्हा सकाळी नऊची ओहोटी मिळते. त्या रविवारी सव्वासातला मानशीच्या बांधावर या. बांधता येणारे जुने बूट घाला, चप्पल चिखलात राहते आणि मग तीच पुढच्या वेळी उंबऱ्यावर सापडते. लांब विजार, रबरी तळव्याचे मोजे आणि पाण्याची बाटली आणा, कोयते व गोणी आमच्याकडे आहेत. नाल्याचा काठ अरुंद असल्याने पंचवीसच जण एका वेळी उतरू शकतील, बाकीच्यांना बांधावर वर्गीकरणाचे आणि धुण्याचे काम असेल. बांबूची खूण पाहायला दुपारी थांबणारे तीन-चार जण मात्र नक्की हवेत.