तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तुझ्या’मधला ‘तु’

“जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, असं आम्ही शाळेत शिकलो. मग तुम्ही ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघू कसा धरता? वृत्तात बसवायला सोय म्हणून?”

सोय नाही. एक साधी ओळ घेतो, उदाहरणापुरती रचलेली:

तुझ्या अंगणी चांदणे सांडलेले

वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे ‘य’ गण चार वेळा: लगागा लगागा लगागा लगागा. अक्षरं बारा, मात्रा वीस. आता तोडून बघा. तु-झ्या-अं, ग-णी-चां, द-णे-सां, ड-ले-ले. ‘अं’, ‘चां’ आणि ‘सां’ गुरू. ग, द, ड लघू. बाकी सगळे दीर्घ स्वर. शेवटचे तीन गण बिनबोभाट बसतात. पहिला बसायचा तर ‘तु’ लघूच हवा. शाळेतला नियम लावला तर पहिला गण ‘गागागा’ होतो, म्हणजे ‘य’चा ‘म’, आणि मात्रा एकवीस भरतात.

“बघा, तुम्हाला हवा म्हणून लघू!” हे इथे हमखास ऐकू येतं. पण मग दुसरी ओळ घ्या: ‘मनी शब्द आले परी बोलवेना’. म-नी-शब्, द-आ-ले, प-री-बो, ल-वे-ना. इथे ‘श’ गुरू आहे आणि तो कुणालाही लघू करता येणार नाही. ‘शब्द’ म्हणताना ‘ब्’ हा आधीच्या ‘श’ला जाऊन चिकटतो, ‘शब्’ असा बंद होतो आणि मग ‘द’ येतो. त्या अडलेल्या व्यंजनाचं वजन ‘श’वर पडतं, म्हणून तो गुरू. ‘तुझ्या’ म्हणताना ‘तुज्-झ्या’ असं कुणी म्हणत नाही. ‘तु’ मोकळा राहतो आणि ‘झ्या’ एका दमात पुढे जातो. आधीच्या अक्षराला गुरू करतो तो हा आघात. कागदावरचं जोडाक्षर ही फक्त त्याची खूण, आणि मराठीत ही खूण बऱ्याचदा फसवते.

ती फसवते कुठे, हे ठरलेलं आहे. सगळ्यात मोठा गट सामान्यरूपांचा: तुझा-तुझ्या, मळा-मळ्यात, सखा-सख्या. यातला ‘य’ रूप बदलताना आलेला आहे, त्यानं आधीच्या अक्षराचं वजन बदलत नाही. म्हणून साधी कसोटी अशी की मूळ रूप काढायचं. ‘मळा’मधला ‘म’ लघू, तर ‘मळ्यात’मधलाही लघू. ‘पत्ता’मधला ‘प’ मुळातच गुरू, तर ‘पत्त्यात’मधलाही गुरू. याच कसोटीनं ‘पुण्यात’ हा एकच शब्द दोन तऱ्हांनी मोजला जातो. ‘पुणे’ या शहराचं रूप असेल तर लगाल, आणि पाप-पुण्यातलं ‘पुण्य’ असेल तर गागाल. लिहिण्यात काडीचा फरक नाही.

दुसरा गट ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’ यांचा. तुम्ही, पुन्हा, उन्हाळा यांत आधीचं अक्षर लघूच, कारण ही मराठीत एका झटक्यात उच्चारली जाणारी व्यंजनं आहेत. पण ‘चिन्ह’ म्हणताना ‘चि’वर आघात येतो, तिथे गुरू. तिसऱ्या गटाला लिपीनंच मदत केली आहे. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र या अर्थाचा दर्या, दोन्ही ‘र’ला ‘य’ जोडूनच होतात, पण पहिल्यात ‘ऱ्य’ आहे आणि दुसऱ्यात रफार. ‘न दर्या न होडी न वारा किनारा’ ही ओळ भुजंगप्रयातात नीट चालते: न-दर्-या, न-हो-डी, न-वा-रा, कि-ना-रा. ‘दर्या’च्या जागी ‘दऱ्या’ ठेवा, पहिला गण ‘ललगा’ होतो आणि ओळ तिथेच अडखळते. सोयीचा मामला असता तर हेही खपलं असतं. खरी सोय कवी करतात ती ऱ्हस्व-दीर्घ बदलून, ‘सांगू’चं ‘सांगु’ करून, आणि ती कागदावर सरळ दिसते.

मोजताना आणखी एक चूक होते, तीही सांगतो. लोक बेरीज करून थांबतात. ‘तु’ला दोन मात्रा दिल्या आणि ‘अं’चा अनुस्वार नजरेतून सुटून त्याला एक दिली, तर बेरीज वीसच येते आणि दोन्ही चुका झाकल्या जातात. अक्षरगणवृत्तात प्रत्येक जागेवरचं लघू-गुरू ठरलेलं असतं, म्हणून अक्षर-अक्षर तपासायचं आणि एकूण मात्रा शेवटी पडताळ्यापुरत्या. मात्रावृत्तात एका गुरूच्या जागी दोन लघू चालतात, तिथे बेरजेला अर्थ आहे.

इथवर मी ठाम आहे. पुढे तितका नाही.

पूर्वी मी या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर द्यायचो: कानाला विचारा, उच्चारात जे आहे ते मोजा. आज तेच वाक्य कुणी माझ्यासमोर ठेवलं तर मीच हरकत घेईन. कोणता उच्चार? रोजच्या बोलण्यात आपण ‘अंग्णी चांद्णे सांड्लेले’ म्हणतो. बोललेलं तसंच मोजायचं तर पहिल्याच ओळीतले ग, द, ड गळतात आणि बाराची नऊ अक्षरं उरतात. गळालेले तिन्ही नेमके दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गणाच्या सुरुवातीचे लघू आहेत. वृत्ताचा कणाच जातो. म्हणजे ‘तु’साठी मी बोलीचा दाखला द्यायचा आणि ‘ड’साठी तोच नाकारायचा, असं दिसतं. हा आक्षेप कुणी फारसा घेत नाही, खरं तर तो जास्त टोकदार आहे.

माझं उत्तर असं, की मोजायचा तो ओळ म्हणतानाचा उच्चार, गप्पांमधला नव्हे. म्हणताना ‘ड’मधला ‘अ’ पूर्ण उमटतो. ‘तु’वर मात्र म्हणतानाही आघात येत नाही, अगदी सावकाश म्हटलं तरी. पण हे उत्तर सगळीकडे पुरत नाही, हेही मला माहीत आहे. शब्दाच्या सुरुवातीचं जोडाक्षर घ्या. ‘न प्रेमात होते’ यात ‘न’ आणि ‘प्रेमात’ हे वेगळे शब्द, त्यामुळे मराठीत ‘न’ लघू: न-प्रे-मा, त-हो-ते. संस्कृत श्लोकात तोच ‘न’ गुरू ठरला असता. ‘सुप्रभात’मधला ‘सु’ मात्र मराठीतही गुरूच, कारण तो एकच शब्द आणि आपण ‘सुप्-प्रभात’ म्हणतो. मग ‘जलप्रवाह’? समास म्हणून एक शब्द, म्हणून ‘ल’ गुरू धरावा. पण म्हणणारा ‘जल’ला किंचित थांबतो आणि ‘ल’ लघू होतो. दोन्ही तऱ्हेनं म्हणता येतं. मी अशा जागी आजूबाजूची वृत्ताची चाल बघून निर्णय घेतो, आणि याला कुणी सोय म्हटलं तर, निदान एवढ्या एका जागी, मला लगेच प्रतिवाद सुचत नाही.