नोझलचा पाइप १२१ मिलिमीटरने वाढला

आमच्या ऑफिसात प्रेशर व्हेसलचं गणित एक गट करतो आणि थ्रीडी मॉडेल दुसरा. मी मॉडेलवाला. गणिताचा रिपोर्ट आला की त्यातले आकडे मॉडेलमध्ये भरायचे, एवढंच आमचं काम, असं गणितवाल्यांचं मत आहे.

ही व्हेसल साधीच होती. आतला व्यास १५०० मिमी, डिझाइन प्रेशर १ एमपीए, प्लेटचा परवानगी ताण १३८ एमपीए, जॉइंट एफिशियन्सी ०.८५, गंजासाठी ३ मिमी जादा. शेलची जाडी `t = PR/(SE − 0.6P)` या सूत्राने काढतात. त्रिज्या गंजल्यानंतरची, म्हणजे ७५३ धरायची. उत्तर ६.४५, त्यात ३ मिळवले की ९.४५, म्हणून १० मिमीची प्लेट. शेलच्या टोकाचं बशीसारखं झाकण, म्हणजे डिश एंड, २:१ इलिप्सॉइडल धरला होता. त्याचं सूत्र `t = PD/(2SE − 0.2P)`, गंज धरून उत्तर जवळजवळ तेच, ९.४२. दाबून आकार देताना प्लेट काही ठिकाणी पातळ होते, म्हणून डिश एंडला १२ मिमी. सगळं बरोबर.

मग डिश एंडच्या पुरवठादाराने स्वतःची मॉडेल फाइल पाठवली आणि ती आमच्या असेंब्लीत बसवली गेली. व्यास तोच, जाडी तीच, एकही एरर नाही. नोझल म्हणजे व्हेसलला पाइपलाइन जोडायचं तोंड. त्याचा पाइप मी ‘अप टू सरफेस’ करून डिश एंडपर्यंत ओढलेला असतो, त्यामुळे पृष्ठभाग खाली सरकला की पाइप निमूटपणे लांबतो. पार्ट लिस्ट छापायला काढली तेव्हा मधल्या नोझलच्या पाइपची लांबी आधीच्या रिव्हिजनपेक्षा १२१ मिमी जास्त दिसली. फ्लँजची जागा तर कोणी हलवली नव्हती.

म्हणून डिश एंडची आतली खोली मोजली. २:१ इलिप्सॉइडलची खोली व्यासाचा चौथा हिस्सा, म्हणजे ३७५ हवी. आली २५४. क्राउनची, म्हणजे मधल्या भागाची, त्रिज्या १५००, कडेच्या नकलची ९०. हा सहा टक्के नकलचा टोरिस्फेरिकल होता. खरेदीच्या कागदावर ‘डिश एंड, १५०० आयडी, १२ मिमी’ एवढंच लिहिलेलं. प्रकाराचा रकानाच नव्हता. पुरवठादाराने हाताशी असलेल्या डायचा आकार दिला. त्याला तरी काय बोलणार?

वरून पाहिलं तर दोन्ही सारखेच दिसतात, पण टोरिस्फेरिकलमध्ये मोठ्या गोलातून शेलकडे वळण फार थोड्या जागेत घ्यावं लागतं. आतून दाब आला की क्राउन बाहेर फुगायला बघतो आणि नकल आत ओढला जातो. तिथे वाकण्याचा ताण साठतो. त्यासाठी सूत्रात M हा गुणक येतो: `M = ¼(3 + √(L/r))`. गंजल्यानंतर क्राउनची त्रिज्या L १५०३, नकलची r ९३, म्हणून M सुमारे १.७५५. जाडी `PLM/(2SE − 0.2P)` म्हणजे ११.२५, गंज धरून १४.२५. आणि हे आकार दिल्यानंतरचं किमान माप. ऑर्डर होती १२ मिमीच्या प्लेटची.

नोझलच्या भोकाचंही तेच. भोकामुळे गेलेलं क्षेत्रफळ पॅडने भरून काढताना इलिप्सॉइडलच्या मध्यभागी गोलाची त्रिज्या व्यासाच्या ०.९ पट धरतात, इथे ती जवळपास पूर्ण १५०० होती. म्हणजे भरून काढायचं क्षेत्रफळही दहा-अकरा टक्क्यांनी जास्त.

मी रिपोर्ट घेऊन गेलो तर गणितवाले साहेब म्हणाले, “अहो, सॉफ्टवेअरने पास केलंय की.” केलंच होतं, पण इलिप्सॉइडलला! ते हिरवं टिकमार्क पाहिलं की आमच्याकडे भलेभले विचार थांबवतात. खोलीचा आकडा समोर ठेवल्यावर मात्र त्यांनी पाच मिनिटांत गणित पुन्हा केलं, हेही सांगायला हवं.

१६ मिमीची प्लेट घेतली तर फॉर्मिंगनंतर १४.२५ उरेल याची हमी पुरवठादार देईना. दहा टक्के पातळ झाली तर १४.४, पंधरा टक्के झाली तर १३.६. शेवटी २:१ चीच डाय असलेला दुसरा पुरवठादार शोधला.

मला अजून सतावतंय ते हायड्रोटेस्टचं, म्हणजे पाणी भरून घेतात त्या दाबाच्या चाचणीचं. नव्या व्हेसलवर १.३ एमपीएची टेस्ट झाली असती, तेव्हा गंज शून्य. प्लेट पातळ होऊन १०.८ मिमी उरली असं धरलं तरी त्याच सूत्राने ताण १६० एमपीएच्या आसपास येतो आणि या स्टीलची यील्ड २६० आहे. चुकीचा डिश एंड टेस्ट पास झाला असता. ३ मिमी गंजल्यावर, साध्या डिझाइन प्रेशरलाच, तोच ताण १६९ झाला असता. परवानगी १३८ ची, आणि ०.८५ लावली तर ११७ चीच.

खरेदीच्या फॉर्ममध्ये आता डिश एंडचा प्रकार, नकलची त्रिज्या आणि आतली खोली असे तीन रकाने आहेत. पहिल्या पुरवठादाराकडून याआधी घेतलेल्या डिश एंडची ड्रॉइंग मी स्टोअरकडे मागितली आहेत. अजून आलेली नाहीत.