भजनाच्या रेकॉर्डिंगची नोंद: २४ बिट कशासाठी, ९६ किलोहर्ट्झ कधी

मंडळाच्या भजनांचं रेकॉर्डिंग आता मार्गी लागलंय. चार ट्रॅक आहेत: गायक, पेटी, पखवाज, आणि टाळकऱ्यांसमोर एक माइक. तयार झालेला आवाज व्हिडिओबरोबर जाणार, बहुतेक लोक तो फोनवर ऐकणार. मग १६ बिटवर भागत असताना २४ कशाला, आणि २४ घेतलंच तर ९६ किलोहर्ट्झ का नाही, असे दोन प्रश्न आमच्यातच निघाले. या वेळची नोंद त्यावरच.

आधी बिटचं बघू. पुष्कळांचा समज असा की २४ बिट घेतलं की वरच्या बाजूला जास्त जागा मिळते. तसं नाही. डिजिटल मीटरचं शून्य १६ बिटला जिथे आहे तिथेच २४ बिटलाही आहे, आणि त्याच्या वर गेलात तर दोन्हीकडे लाट सारखीच छाटली जाते. फरक पडतो तो तळाला. एक बिट म्हणजे साधारण ६ डीबी. त्या हिशेबाने १६ बिटचा तळ शून्याच्या ९६ डीबी खाली, तर २४ बिटचा १४४ डीबी खाली. छत तेच राहतं, जमीन खाली जाते. म्हणून गेन बिनधास्त कमी ठेवता येतो, आणि वर मोकळी जागा उरते ती या कमी ठेवलेल्या गेनमुळे. हेडरूम म्हणतात ती हीच.

भजनात ही जागा का लागते ते मंडळात बसणाऱ्याला सांगायला नको. चाचणीला पखवाजवाला हात राखून वाजवतो. आमच्याकडे त्या वेळी थाप उणे १८ डीबीपर्यंत येत होती. पुढे लय चढली, टाळकरी रंगात आले आणि गजराला तीच थाप उणे ७ वर गेली. ११ डीबीचा फरक! चाचणीलाच ती ‘मीटर भरलेलं दिसावं’ म्हणून उणे ६ वर लावली असती, तर गजराला शून्याच्या ५ डीबी वर गेली असती. म्हणजे नेमका रंगलेला भागच तुटका, चरचरीत. तो नंतर नीट करता येत नाही. हळू आवाज मात्र नंतर केव्हाही वाढवता येतो.

आता १६ बिटच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर हे नुसतं आकड्यांचं कौतुक होईल. पंखा बंद करूनही गायकाच्या ट्रॅकवर खोलीचा आवाज उणे ६२ च्या आसपास आहे. १६ बिटचा तळ त्याच्या बराच खाली. गेन १२ डीबीने उतरवला तरी खोली उणे ७४ वर येते, तळ तरीही २२ डीबी खालीच. शिवाय २४ बिटचे सगळे बिट खरे नसतात. चांगल्या घरगुती इंटरफेसचा आवाका ११० डीबीच्या आगेमागे, म्हणजे जेमतेम १८ बिट, बाकीच्यांत त्याचीच खरखर. थोडक्यात, लेव्हल बऱ्यापैकी लागली असेल तर घरच्या खोलीत कानाला काही कळणार नाही. फरक कळतो तो आवाज फारच खाली राहिला आणि नंतर ओढून वर आणला तर. कमाल टोक गाठून हे ऐकायचं असेल, तर आलापाचा एक २४ बिटचा तुकडा घ्या, आधी ४० डीबी खाली न्या आणि पुन्हा वर आणा, एकदा १६ बिटमधून, एकदा २४ मधून, `sox` या कमांडलाइन प्रोग्रामने:

```
sox -D alap.wav -b 16 low16.wav gain -40
sox -D low16.wav -b 24 back16.wav gain 40
sox -D alap.wav -b 24 low24.wav gain -40
sox -D low24.wav -b 24 back24.wav gain 40
```

`-D` मुळे डिथर, म्हणजे बिट कमी करताना मुद्दाम मिसळलेली हलकी खरखर, बंद राहतं, त्यामुळे १६ बिटचा दोष उघडा पडतो. `back24.wav` मूळ तुकड्यापासून वेगळं ओळखता येणार नाही. `back16.wav` मध्ये तंबोऱ्याची आस विरत जाताना खडबडीत होते, आणि गायक थांबला की खोलीचा आवाज मध्येच गडप होतो, पुन्हा गायला लागला की किरकिरत परत येतो. कारण ४० डीबी उतरल्यावर खोली उणे १०२ वर गेली आणि १६ बिटच्या सगळ्यात छोट्या पायरीखाली दबून चक्क शून्य झाली. श्वासांमध्ये असं मेलेलं शांतपण ऐकू आलं तर समजा, कुठेतरी बिट गळालेत.

गळतात ते बहुधा सेटिंगमध्ये. फाइल २४ बिटची दिसते, पण ड्रायव्हरने किंवा संगणकाच्या ध्वनी सेटिंगने आत १६ बिटच पाठवलेले असतात. हे `sox gayak.wav -n stats` ने तपासता येतं. `Bit-depth` च्या ओळीत तिरक्या रेघेनंतरचा आकडा २४ हवा. तिथे १६ दिसला तर खालचे आठ बिट नुसती शून्यं आहेत.

४८ किलोहर्ट्झच्या एका ट्रॅकला १६ बिटने मिनिटाला ५.७६ एमबी लागतात, २४ बिटने ८.६४. एवढ्याशा जागेत लेव्हलची चिंता मिटते, म्हणून मी २४ सोडत नाही. ३२ बिट फ्लोटचं आकर्षण काहींना आहे. मिक्स करताना ते सॉफ्टवेअरच्या आत उत्तमच, पण साध्या इंटरफेसवर माइकचा प्रीअॅम्प किंवा कन्व्हर्टर छाटला गेला, तर फ्लोट फाइलमध्ये ती छाटलेली लाटच येते. तो फायदा खास त्यासाठी बनवलेल्या रेकॉर्डरवरच मिळतो.

सॅम्पल रेटची गोष्ट वेगळी. त्याचा लेव्हलशी संबंध नाही. रेटच्या निम्म्यापर्यंतची वारंवारता पकडली जाते: ४८ ला २४ किलोहर्ट्झ, ९६ ला ४८. कानाची धाव २० च्या आसपास संपते, तेव्हा नुसत्या ऐकण्यासाठी ४८ पुरे. टाळांनी मात्र मला विचार करायला लावला. मिक्समध्ये टाळांवर थोडं सॅच्युरेशन टाकलं की त्यातून नवे हार्मोनिक तयार होतात. समजा टाळाचा एक सूर ९ किलोहर्ट्झचा आहे. त्याचा पाचवा हार्मोनिक ४५ वर. ४८ च्या प्रोजेक्टमध्ये २४ च्या वर जागाच नाही, म्हणून तो दुमडून ३ किलोहर्ट्झवर येतो, थेट गायकाच्या शब्दांत. टाळकऱ्यांनी न वाजवलेली, टाळाच्या सुराच्या खालची आगंतुक शिटी. ९६ वर तोच हार्मोनिक ४५ वर निमूट राहतो आणि शेवटी ४८ ला उतरवताना गाळला जातो.

तरी मी रेकॉर्डिंग ४८ वरच ठेवलंय. प्लगइनमधलं ओव्हरसॅम्पलिंग चालू केलं की हेच काम तेवढ्यापुरतं होतं, त्यासाठी चारही ट्रॅकच्या फाइली दुप्पट करायला नकोत. ज्यांना टाळ किंवा घुंगरांचा आवाज टेपसारखा निम्म्या वेगाने, सूर उतरवून वापरायचाय, त्यांनी तो ट्रॅक जरूर ९६ वर घ्यावा, कारण ४८ चा आवाज निम्म्यावर आणला की १२ किलोहर्ट्झच्या वर काहीच उरत नाही आणि टाळ मातकट वाटतात. माइक २० किलोहर्ट्झच्या पुढचं पकडतो का, हे मात्र आधी बघा.

रेट कुठलाही घ्या, इंटरफेस आणि प्रोजेक्ट एकाच आकड्यावर हवेत. ४४.१ ची फाइल ४८ समजून वाजली तर सूर जवळपास दीड अर्धस्वर, म्हणजे पेटीच्या दीड पट्ट्या, चढतो. काळी एकमधला गायक पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लटकलेला ऐकू येतो, आणि लयही तेवढीच धावते.

सीडीसाठी १६ बिट, ४४.१ ची प्रत काढायची असेल तर आधी रेट बदलायचा, मग अगदी शेवटी, एकदाच, डिथर लावून १६ बिट. मधल्या कुठल्याही टप्प्यावर १६ बिटमध्ये साठवायचं नाही. पुढच्या बैठकीला पखवाजाच्या धुमेला वेगळा माइक लावून बघणार आहे. गेन तिथेही चाचणीला उणे १८.