बारा दातांचे पिनियन आणि अडखळणारा गिअरबॉक्स

कॅमेरा सावकाश फिरवणाऱ्या एका छोट्या बैठकीसाठी मला वेग एक तृतीयांश करणारी गिअरची जोडी हवी होती. गिअर थ्री-डी प्रिंटरवर छापायचे होते आणि प्रिंटरच्या नोझलचे छिद्र 0.4 मिमीचे असल्यामुळे दाताच्या आकाराचे माप असलेले मॉड्यूल 1 पेक्षा लहान घेण्याची हिंमत झाली नाही. मॉड्यूल 1 असताना पिच वर्तुळावर, म्हणजे दोन गिअर ज्या काल्पनिक वर्तुळांवर एकमेकांवर घरंगळतात त्यावर, दाताची जाडी सुमारे 1.57 मिमी येते, म्हणजे नोझलच्या चारेक रेघा बसतात. पेटीत दोन आसांमध्ये जेमतेम 24 मिमी जागा होती. मॉड्यूल 1 असताना आसांमधले अंतर म्हणजे दोन्ही गिअरच्या दातांच्या बेरजेची निम्मी संख्या. म्हणून पिनियनला, म्हणजे लहान गिअरला, 12 आणि मोठ्या गिअरला 36 दात ठरवले आणि दाब-कोन, म्हणजे दात एकमेकांना ज्या तिरक्या दिशेने ढकलतात तिचा कोन, नेहमीचा 20 अंशांचा घेतला.

दाताच्या बाजूंचा आकार इन्व्होल्यूट ठेवला. इन्व्होल्यूट म्हणजे वर्तुळावर गुंडाळलेला दोरा ताणून सोडवताना त्याच्या टोकाने काढलेली वक्ररेषा. हे वर्तुळ म्हणजे पाया वर्तुळ. त्याची त्रिज्या पिच त्रिज्येला cos 20° ने गुणून मिळते. माझ्या पिनियनसाठी ती 5.64 मिमी आली. दाताच्या एका बाजूचे बिंदू मी पुढील सूत्राने काढले आणि दुसरी बाजू आरशातल्या प्रतिमेसारखी घेतली. यात rb ही पाया वर्तुळाची त्रिज्या आणि t हा दोरा जितका सुटला तो कोन, रेडियनमध्ये.

```
x = rb*(cos(t) + t*sin(t))
y = rb*(sin(t) - t*cos(t))
```

चूक या सूत्रात नव्हती, तर ते जिथे संपते तिथे होती. दाताचे मूळ 4.75 मिमी त्रिज्येवर होते आणि 5.64 च्या आत इन्व्होल्यूट अस्तित्वातच नसते. तेवढ्या भागात मी केंद्राकडे जाणारी सरळ रेघ ओढून मोकळा झालो.

जोडी हाताने फिरवली तेव्हा पिनियनच्या एका फेरीत बरोबर 12 वेळा अडखळण जाणवली. छपाईत दात फुगले असावेत असे समजून मी आसांमधले अंतर 24.3 मिमी केले. अडखळण गेली, पण दिशा बदलताना बैठक पाऊण अंशाच्या आसपास सैल हलू लागली आणि चित्रात तो झटका दिसू लागला.

मग पुन्हा 24 मिमीवर येऊन पिनियनच्या दातांवर मार्करची शाई लावली. थोडे फिरवल्यावर शाई नेमकी पाया वर्तुळाच्या खाली, मुळाशी खरवडलेली होती. दात फुगले असते तर ती दाताच्या संपूर्ण बाजूवरून पुसली गेली असती. मोठ्या गिअरच्या दाताचे टोक पिनियनच्या मुळात घुसत होते. हिशोबही तेच सांगत होता: मोठ्या गिअरच्या पाया वर्तुळाची त्रिज्या 16.91 मिमी असल्याने त्याच्या टोकाची त्रिज्या √(16.91² + (24 sin 20°)²), म्हणजे 18.80 मिमीपेक्षा जास्त चालणार नव्हती, आणि मी ती 19 ठेवली होती. अंतर 24.3 केल्यावर हीच मर्यादा 19.18 पर्यंत सरकते, त्यामुळे माझा उपाय लागू पडला होता खरा, पण चुकीच्या कारणाने.

20 अंशांच्या नेहमीच्या दातांमध्ये पिनियनला 17 पेक्षा कमी दात असले की ही शंका आधीच यायला हवी. जागा असती तर मी 17 आणि 51 दात घेतले असते, पण मग आसांमधले अंतर 34 मिमी झाले असते. उरला तो प्रोफाइल शिफ्ट: पिनियनचे दात 0.3 मिमी बाहेर सरकवायचे आणि मोठ्या गिअरचे तेवढेच आत. शिफ्ट समान आणि विरुद्ध असल्याने अंतर 24 च राहते. मोठ्या गिअरच्या टोकाची त्रिज्या 18.70 झाली, म्हणजे मर्यादेच्या आत आली. पिनियनचा बाहेरचा व्यास 14.6 मिमी झाला आणि त्याचा दात मुळाशी जाड झाला. पिच वर्तुळावरची जाडी 1.79 मिमी झाल्याने आरशातली बाजू किती कोनात ठेवायची तेही नव्याने काढावे लागले. ते आधी विसरलो होतो आणि स्क्रीनवर दात एकमेकांत फार ढिले बसलेले दिसले, तेव्हा लक्षात आले.

शिफ्ट याहून वाढवता आली नसती, कारण पिनियनच्या दाताचा माथा आता 0.44 मिमी रुंद उरला होता, म्हणजे नोझलची जेमतेम एक रेघ.

छापण्यापूर्वी स्क्रीनवर पिनियन 3 अंशांनी आणि मोठा गिअर उलट दिशेने 1 अंशाने असे पुढे सरकवत एक दात पूर्ण पार होईपर्यंत पाहिले. कुठेही एकावर एक आले नाही. पेटीत अंतर 24.1 मिमी ठेवले. इन्व्होल्यूटमध्ये अंतर थोडे बदलले तरी वेगाचे गुणोत्तर बदलत नाही, फक्त 0.07 मिमीच्या आसपास मोकळीक मिळते. पुन्हा शाई लावून फिरवले, तेव्हा दाताच्या बाजूवर मधोमध एकसारखा पट्टा पुसला गेला आणि मुळाशी शाई तशीच राहिली.