केमो सोसणारे काका

मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाचे एक काका, एसटीतून निवृत्त झालेले, दर आठवड्याला पोटावर बोर्टेझोमिबचं इंजेक्शन घ्यायला आमच्या डे-केअरमध्ये यायचे. दोन महिने झाले तरी पायाला मुंग्या नाहीत, थकवा नाही, प्लेटलेट जरासुद्धा उतरत नव्हत्या. वॉर्डात कौतुक चालायचं, काकांना केमो सोसतेय! मी तिथला फार्मासिस्ट, मीही त्यात सामील होतो.

मग एम-बँडचा, म्हणजे कर्कपेशी रक्तात सोडतात त्या प्रथिनाचा, रिपोर्ट आला. सुरुवातीला ४.२ होता, आता ३.९. एवढ्या अवधीत तो निम्म्यावर यावा अशी आमची अपेक्षा होती. डॉक्टर पुढचं औषध ठरवायला बसल्या आणि मला म्हणाल्या, "बदलण्याआधी एकदा त्यांच्या गोळ्या बघून घ्या."

फॉर्मवर 'इतर औषधे' समोर 'नाही' लिहिलेलं होतं, आणि माझ्याच अक्षरात. काकूंना म्हटलं, "उद्या येताना घरात काका जे जे तोंडात घालतात ते सगळं पिशवीत घालून आणा."

पिशवीतून निघाली ग्रीन टीच्या अर्काची बाटली. "ते औषध नाही हो, चहाच आहे," काकू म्हणाल्या. "अँटिऑक्सिडंट आहे, केमोचं विष बाहेर काढतं म्हणून सुनेनं मागवलं." दिवसाला चार कॅप्सूल. लेबल वाचून हिशोब केला तर ईजीसीजी हा घटक रोज १००० मिलिग्रॅम पोटात जात होता. साध्या कपात तो साधारण ५० ते १०० असतो.

बोर्टेझोमिबच्या रेणूत बोरॉन आहे आणि त्याच्याच आधारे ते कर्कपेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र बंद पाडतं. ईजीसीजी त्याच बोरॉनला चिकटतं. २००९ मध्ये प्रयोगशाळेत आणि उंदरांवर हे दिसलं होतं: औषध निकामी झालं आणि कर्कपेशी जगल्या. म्हणजे त्रास कमी झाला, कारण औषधच कमी पडलं. नंतरच्या एका अभ्यासात ईजीसीजीचं रक्तातलं प्रमाण कमी असताना असा अडथळा आढळला नाही. म्हणून कपभर चहाला मी इतका घाबरत नाही, अर्काला घाबरतो. शिवाय इतक्या मात्रेत तो यकृतालाही झेपेलच असं नाही.

डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केल्या, औषध तेच ठेवलं. पुढच्या दोन सायकलनंतर एम-बँड १.६ वर आला. कॅप्सूलमुळेच सगळं अडलं होतं असं एका रुग्णावरून छातीठोकपणे नाही सांगता येत. काहींना प्रतिसाद उशिरा येतोच.

मधल्या काळात काकांच्या प्लेटलेट उतरल्या, पावलांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी मात्रा थोडी कमी केली. काका माझ्यावर जरा नाराजच होते. "तुम्ही बाटली काढून घेतली आणि बघा!"

आता मी 'औषधं घेता का' असं विचारत नाही. काढा, चूर्ण, चहा, रस, शेजारणीनं दिलेली पुडी, एकेक नाव घेऊन विचारतो. परवा एका ताईंनी तीनदा 'नाही' म्हटलं आणि मग पर्समधून गुळवेलीच्या गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या.